फॅमिली रूम उपलब्ध नाही

आमच्या हॉटेलात तिला सगळे अटीबाई म्हणत. तोंडावर ताई, पाठीमागे अटीबाई. रिसेप्शनच्या मागे काचेची भिंत आहे. त्या भिंतीपलीकडे तिचं टेबल, दोन फोन आणि खिडकीत तिने वाढवलेलं एक रोप. रोपालासुद्धा कोणी परस्पर पाणी घालायचं नाही, अशी चिठ्ठी कुंडीला चिकटवलेली. मी काचेच्या या बाजूला, येणाऱ्या पाहुण्यांना हसून दाखवायच्या कामावर. हसणं माझ्या स्वभावात नाही, पण पोटासाठी माणूस काय काय शिकतो.

बुकिंग घेणं हे तिचं काम, आणि पॅकेजची कॅप्शन लिहिणंही. हॉटेलच्या पानावर तळ्याचा फोटो टाकतात, त्याखालचा मजकूर. खोली कोणती, त्यात काय काय मिळणार, कोणत्या तारखांना मिळणार नाही, आणि रद्द केलं तर पैशांचं काय. लोक फोटो बघून भुलतात आणि मजकूर न वाचता पैसे भरतात. मग इथे येऊन माझ्याशी भांडतात की दुपारचं जेवण का नाही. म्हणून अटीबाई एकेक शब्द तोलून लिहायची. तिच्या कॅप्शनमधून पळवाट काढलेला पाहुणा मी तरी पाहिला नाही.

बोलायचीही तशीच. एकदा मी तिच्याकडे छत्री मागितली. म्हणाली, "घे. पण संध्याकाळी सहाच्या आत परत. उशीर झाला तर पुढच्या वेळी मिळणार नाही. दुसऱ्याला द्यायची नाही."

"आणि मोडली तर?"

"मोडली तर नवीन. त्याच रंगाची."

घरी ती आणि तिचे म्हातारे वडील, दोघंच. वडिलांना ऐकू कमी यायचं. त्यामुळे घरी मोठ्याने बोलायचं आणि इथे फोनवर हळू, असा तिचा दिवस. फोनवरचा आवाज मात्र खरंच गोड होता. भांडायला फोन केलेली माणसं तो आवाज ऐकून आभार मानून फोन ठेवायची. मला त्याचा हेवा वाटायचा, कबूल करतो.

आता मुद्द्याचं सांगतो. आमच्याकडे तळ्याच्या बाजूला एकच फॅमिली रूम आहे. एक मोठा पलंग, दोन छोटे, पुढे बाल्कनी. हिवाळ्यात जोडून सुट्ट्या आल्या की या खोलीवर उड्या पडतात. आणि दर जानेवारीत, आमच्याकडच्या जत्रेच्या सोमवारच्या सुट्टीला लागून जो लाँग वीकेंड येतो, नेमकी त्याच चार दिवसांत ही खोली बंद. कॅप्शनमध्ये स्वच्छ लिहिलेलं: फॅमिली रूम उपलब्ध नाही. कारण विचारलं तर दुरुस्ती. आता दरवर्षी त्याच वीकेंडला दुरुस्त होणारी खोली जगात दुसरी नसेल. त्या चार दिवसांत तिथे एक खिळाही कोणी ठोकत नसे, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. शुक्रवारी सकाळी अटीबाई स्वतः वर जायची, तिन्ही पलंगांवर धुतलेल्या चादरी घालायची, चार टॉवेल ठेवायची, पडदे उघडायची आणि कुलूप लावून खाली यायची. मंगळवारी पुन्हा खोली विक्रीला.

जुन्या मालकांना कारण माहीत होतं, त्यांनी कानाडोळा केला. मला तिनेच सांगितलं, एका दुपारी, मी काही विचारलं नसताना.

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. चौघांच्या एका कुटुंबाने त्या लाँग वीकेंडला फॅमिली रूम घेतली होती. आईवडील, एक मुलगा, एक मुलगी. शुक्रवारी सकाळी वाटेतून वडिलांचा फोन आला. घाटात धुकं दाटलंय, पुढचं काही दिसत नाही, आज परत फिरावं म्हणतोय. पैसे परत मिळतील का? नाहीतर तारीख तरी बदलून द्या. तेव्हाच्या कॅप्शनमध्ये अट होती: तीन दिवसांच्या आत रद्द केल्यास परतावा नाही, तारीखबदल नाही. ती अट तिने वाचून दाखवली. आणि मग तिच्या त्या गोड आवाजात म्हणाली, "सावकाश या, सर. किती उशीर झाला तरी चालेल. खोली तयार ठेवते, आम्ही वाट बघतो."

ते आले नाहीत. संध्याकाळी घाटातल्या पोलीस चौकीवरून फोन आला. गाडीत बुकिंगचा कागद सापडला होता, म्हणून इथे कळवलं. फोनवरचा माणूस म्हणाला, गाडीतलं कोणी राहिलं नाही. तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र उघडलं नाही. पुढे कसली चौकशीही केली नाही. तिची हिंमत झाली नाही.

"वाट बघतो म्हणाले होते ना मी," ती मला म्हणाली. "मग बघायला नको?"

मी तिला चहा सांगितला, एवढंच.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी म्हटलं असतं, बाईच्या मनाने घेतलंय. पण फोनचं काय करायचं? दरवर्षी त्याच शुक्रवारी, सकाळी, तिच्या टेबलावरचा जुना फोन वाजायचा. पहिल्या वर्षी एका लहान मुलीचा आवाज आला. "तळ्याकडची फॅमिली रूम मिळेल का?" मागे कोणी मोठं माणूस नाही, नाव नाही. अटीबाईने सवयीने उत्तर दिलं, या तारखांना उपलब्ध नाही. पलीकडून "बरं" आलं आणि फोन ठेवला. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी पुन्हा. आवाज दरवर्षी थोडा मोठा होत गेलेला.

"मुलगी वाढतेय," अटीबाई म्हणायची. तिचा चेहरा बघून माझी थट्टा घशातच राहायची. "तिकडे वाढतेय ती."

"तिकडे म्हणजे कुठे?"

ती छताकडेही बघायची नाही आणि जमिनीकडेही नाही. नुसती तळ्याकडे बघायची.

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा नव्हे. एका वर्षी ती वॉशरूमला गेली असताना फोन मीच उचलला. पलीकडे तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचा आवाज. "तळ्याकडची फॅमिली रूम मिळेल का?" मी म्हटलं, "कोण बोलतंय?" बराच वेळ नुसता श्वास. मग, "त्या मॅडम नाहीत का?" आणि फोन बंद. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. नंबर बघायला तो फोन जुना, त्याला काच नाही की काही नाही. तो फोन बदलू या, असं आम्ही दोघंही कधी बोललो नाही. का ते विचारू नका.

मागच्या वर्षी जुने मालक थकले आणि नवे मॅनेजर आले. तरुण, हुशार, घाईत असलेले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात हिवाळी पॅकेजची कॅप्शन मागवली. अटीबाईने दिली. ते उभ्या उभ्या मोठ्याने वाचू लागले.

"तळ्याकाठी लाँग वीकेंड. तीन रात्री, चार दिवस. खोली: तळ्याकडची फॅमिली रूम, एक डबल बेड, दोन सिंगल बेड, बाल्कनी. दोन मोठे, दोन मुलं. समाविष्ट: रोजचा नाश्ता, रात्रीचं जेवण, एकदा नौकाविहार, संध्याकाळी शेकोटी. समाविष्ट नाही: दुपारचं जेवण, येण्याजाण्याची गाडी. छान. रद्द करणे: सात दिवस आधीपर्यंत पूर्ण पैसे परत, तीन दिवस आधीपर्यंत निम्मे, त्यानंतर परतावा नाही. हेही छान. आणि हे काय? 'धुकं असेल किंवा तब्येत बरी नसेल तर निघू नका. एक फोन करा. तारीख बदलून देऊ.' ताई, ही कॅप्शन आहे की आईचं पत्र?"

"ती ओळ राहू दे, सर."

"बरं, राहू दे. लोकांना आवडेल. पण हे नाही चालणार." त्यांनी बोट ठेवलं. "चोवीस डिसेंबर ते एक जानेवारी पॅकेज लागू नाही, समजलं, तेव्हा आपण जास्त दराने विकतो. पण फॅमिली रूम जानेवारीच्या लाँग वीकेंडला बंद? लाँग वीकेंडचं पॅकेज काढायचं आणि लाँग वीकेंडलाच खोली द्यायची नाही?"

"दुरुस्ती असते."

"दुरुस्ती सोमवार ते गुरुवार करा."

अटीबाई कधी नव्हे ते हात जोडून म्हणाली, "सर, एवढं एक वर्ष. पुढच्या वर्षी बघू."

माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "ठीक आहे. एवढं वर्ष. आजच टाका."

ती काचेमागे जाऊन बसली. आमची पद्धत अशी की गेल्या वर्षीची कॅप्शन समोर घ्यायची, तिच्यातल्या तारखा बदलायच्या, आणि मग त्या छापील तारखांवरूनच कॉम्प्युटरमध्ये खोल्या बंद करायच्या. कॅप्शन एक बोलते आणि कॉम्प्युटर दुसरंच, असं होऊ नये म्हणून ही पद्धत तिनेच घालून दिली होती. जत्रेची सुट्टी जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारची. आदल्या वर्षी तो पंधरा तारखेला आला होता, त्या वर्षी वीस तारखेला. म्हणजे सतरा ते वीस बंद हवी होती. तिने बाकी सगळं बदललं आणि फॅमिली रूमपुढे बारा ते पंधरा तसंच राहिलं. कॉम्प्युटरमध्येही बारा ते पंधराच बंद केली. रविवार ते बुधवार. ज्या दिवसांत कुत्रंसुद्धा खोली मागत नाही असे दिवस.

स्वल्पविराम चुकला तर जिचा दिवस वाईट जायचा, तिने ही चूक केली. मी आजही सांगू शकत नाही की ती चूक होती.

चूक कळली ती लाँग वीकेंडच्या आधीच्या मंगळवारी. तिने मला काचेवर टिचकी मारून बोलावलं. स्क्रीनवर फॅमिली रूम, सतरा ते वीस, पैसे भरलेले. एक व्यक्ती.

"एक?" मी म्हणालो. "फॅमिली रूममध्ये एकटं कोण राहतं?"

"माझ्या हातून झालं हे," ती म्हणाली. "मी हे कसं केलं?"

"आता रद्द करता येणार नाही. आपण रद्द केलं तर आपल्यालाच तेवढीच किंवा वरची खोली द्यावी लागेल. वरचा सुईट रिकामा आहे. फोन लावा, सुईट त्याच पैशांत देतो म्हणा. एकटं माणूस, उडी मारेल."

ते तिला पटलं. तिने नंबर लावला. मी समोरच उभा होतो. तिने नेहमीच्या आवाजात सुरुवात केली, "नमस्कार, हॉटेलमधून बोलतेय, आपल्या बुकिंगसंदर्भात," आणि पलीकडून कोणीतरी काही बोललं. एकच वाक्य असेल. अटीबाईने फोन हलकेच खाली ठेवला.

"तीच आहे," ती म्हणाली.

"कोण?"

"म्हणाली, मला तीच खोली हवी. दरवर्षी तीच मागते ना मी."

माझं काय झालं असेल त्याची कल्पना करा. शेवटी मी उसना धीर आणून म्हणालो, "भुतं ऑनलाइन पैसे भरत नाहीत, ताई." ती हसली नाही. मीही नाही.

शुक्रवारी सकाळी ती वर गेली. पाहुणा एकच असूनही तिने तिन्ही पलंगांवर चादरी घातल्या, चार टॉवेल ठेवले. खाली येऊन फोनसमोर बसली. बाहेर तळं दिसत नव्हतं. धुक्याने बाल्कन्या, झाडं, गेट, सगळं पुसून टाकलं होतं. फोन वाजला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या शुक्रवारी तो फोन वाजला नाही आणि मला ते वाजण्यापेक्षा भयंकर वाटलं.

दुपारी दार उघडलं. एक मुलगी आत आली. एकोणीस-वीस वर्षांची, पाठीवर एक बॅग, केसांवर धुक्याचं पाणी. उजवा पाय किंचित ओढत चालत होती. तिने ओळखपत्र पुढे केलं. मी ते हातात घेतलं आणि खरं सांगतो, आधी तिच्या बोटाला माझं बोट लागू दिलं. बोट गार होतं, पण माणसाचं होतं.

काचेमागून अटीबाई बाहेर आली. मुलीने तिच्याकडे बघितलं.

"काही बोला ना," मुलगी म्हणाली.

"काय बोलू?" अटीबाईच्या तोंडून कसंबसं आलं.

मुलीने डोळे मिटले. "हो. तुम्हीच. बाबांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. मी मागे बसले होते, दादाशेजारी. आई म्हणत होती परत फिरू. तुम्ही म्हणालात, सावकाश या, आम्ही वाट बघतो."

"तू..." अटीबाईने काउंटर धरला. "ते म्हणाले कोणी राहिलं नाही."

"मला आधीच दुसऱ्या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. नंतर आत्याकडे वाढले. इथला नंबर बाबांनी मला पाठ करून ठेवायला सांगितला होता, हरवले तर म्हणून. तोच राहिला लक्षात."

मग अटीबाई म्हणाली, "निघू नका असं म्हणायला हवं होतं मी."

मला वाटलं, आता मुलगी म्हणेल, जाऊ द्या हो, तुमचा काय दोष. लोक असंच म्हणतात. पण ती तसं म्हणाली नाही.

"हो," ती म्हणाली. "म्हणायला हवं होतं."

अटीबाईने मान हलवली. हा निकाल तिने स्वतःला कधीच दिला होता, आता तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकला एवढंच.

"मी दरवर्षी फोन करायचे," मुलगी म्हणाली. "तुम्ही म्हणायचात उपलब्ध नाही. मला वाटायचं, आमची खोली दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकली."

"कोणाला दिली नाही. एकदाही नाही. या चार दिवसांत तिथे कोणी झोपलं नाही. तुमच्यासाठीच बंद ठेवली होती."

मुलगी तिच्याकडे बघत राहिली.

"मग मला का नाही दिलीत?"

इतकी वर्षं जी खोली त्या चौघांसाठी राखली होती, ती त्यांच्यातल्याच एकीने दरवर्षी मागितली आणि अटीबाईने आपल्या गोड आवाजात दरवर्षी नाकारली. तिच्या मनात चौघं मेलेले होते. जिवंत कोणी असेल आणि त्याला खोली हवी असेल, ही शक्यता तिने कुठे धरलीच नव्हती. अटीबाई त्याच जागी, पाहुण्यांसमोर, काउंटरला टेकून रडली. मी तिला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. मुलगीही रडली, पण दोघी एकमेकींच्या जवळ गेल्या नाहीत. मध्ये काउंटर होता आणि तो त्यांनी तसाच राहू दिला.

चावी अटीबाईनेच नेली. मी बॅग घेऊन मागे. मुलगी दारात थांबली. तिने चार टॉवेल बघितले आणि दोन छोट्या पलंगांकडे गेली.

"खिडकीकडचा दादाला हवा होता. मलाही तोच. गाडीत त्यावरून भांडत होतो आम्ही," ती म्हणाली आणि दुसऱ्या पलंगावर बसली.

ती तीन रात्री राहिली. अटीबाई रोज तिचा नाश्ता स्वतः वर नेऊन दारापाशी ठेवायची, आत जायची नाही. तिसऱ्या दिवशी मात्र दार उघडंच होतं आणि ट्रे परत आणायला तिने बराच वेळ लावला. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही. आमच्या दोघांत तेवढीच एक गोष्ट तिने अटी न घालता स्वतःकडे ठेवली. सोमवारी मुलगी गेल्यावर खोली आवरणाऱ्या मावशी खाली येऊन कुरकुरल्या, एकटी पोरगी, पण तिन्ही पलंगांच्या चादरी धुवायला. पहिल्या रात्री आपल्या पलंगावर, दुसऱ्या रात्री दादाच्या, तिसऱ्या रात्री आईबाबांच्या. मी मावशींना म्हटलं, धुवा, पैसे भरलेत तिने.

या वर्षी कॅप्शन लिहायची वेळ आली तेव्हा मॅनेजरसाहेब काही बोललेच नाहीत. अटीबाईने गेल्या वर्षीची समोर घेतली. खोली, समाविष्ट, समाविष्ट नाही, सगळं जागच्या जागी. 'उपलब्ध नाही'च्या पुढे फक्त चोवीस डिसेंबर ते एक जानेवारी. फॅमिली रूमची ओळ तिने काढली. धुक्याची ओळ ठेवली.

पण त्या शुक्रवारसाठी फॅमिली रूम विकली गेली नाही. गुरुवारपर्यंत चौकशा आल्या, सगळे दुसऱ्या खोल्यांवर गेले, योगायोग म्हणा. शुक्रवारी सकाळी बाहेर पुन्हा धुकं होतं. जुना फोन वाजला. मी काचेच्या या बाजूला उभा होतो. अटीबाईने रिसीव्हर उचलला, ऐकून घेतलं, आणि मला तिच्या बाजूचं एवढंच ऐकू आलं.

"हो. उपलब्ध आहे."

मग पलीकडचं काहीतरी. ती खिडकीबाहेर बघत होती.

"नाही, नाही. आज निघू नकोस. घाटात काही दिसत नाही. वाट काय, मी उद्याही बघेन."